दहा हजार कुणालाही द्या, खर्च तेवढाच?

“करात सवलत श्रीमंताला द्या की गरिबाला, पैसा बाजारात तेवढाच येतो ना?”

नाही. समजा, घाटकोपरच्या चाळीतल्या कमी पगाराच्या कुटुंबाचा 10,000 रुपये कर वाचला. बंद पडलेला फ्रिज बदलला, मुलीच्या क्लासची फी भरली. 8,000 लगेच बाजारात गेले आणि दुकानदाराची कमाई झाली. मलबार हिलच्या घरात फ्रिज आधीच चालू आहे. तिथे कदाचित 2,000 खर्च होतील, बाकी म्युच्युअल फंडात जातील. आकडे मानीव आहेत, पण कल बहुधा हाच दिसतो.

मात्र चाळीतल्या घराने त्या पैशातून जुनं कर्ज फेडलं, तर नवी खरेदी लगेच वाढत नाही. आणि ठरावीक उत्पन्नापर्यंत मिळणारी प्राप्तिकराची सवलत देय करातूनच वजा होते, त्यामुळे ज्याला करच लागत नाही त्या नाक्यावरच्या मजुराला तिच्यातून एक रुपयाही मिळत नाही.