शिप आणि कॅनन: मनातली जोडी आणि पुस्तकातली जोडी

इंदूरच्या आमच्या घरात मुले आईशी मराठीत, मैत्रिणींशी हिंदीत आणि फोनवर या दोन्हींत न बसणाऱ्या एका तिसऱ्याच भाषेत बोलतात. माझ्या धाकट्या जावेने नववीतल्या लेकीचे असे एक वाक्य ऐकले आणि ती थेट माझ्याकडे आली. वाक्य असे होते: "मैं तो हैरी और हर्माइनी को ही शिप करती हूँ, कैनन हो या न हो." "वहिनी, ही वर्गातल्या कुणाची लग्ने जुळवते आहे का?" हा तिचा प्रश्न होता. ती पात्रे कादंबरीतली आहेत हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. परंतु शिप आणि कॅनन हे एकाच गोष्टीचे दोन शब्द असावेत, हा तिचा समज काही गेला नाही. हा समज पालकांमध्ये सर्रास आढळतो, कारण मुले हे दोन्ही शब्द बहुधा एकाच दमात उच्चारतात.

कॅनन म्हणजे मूळ कलाकृतीत प्रत्यक्ष घडलेले आणि म्हणून सर्व चाहत्यांनी प्रमाण मानलेले. धर्मग्रंथांच्या चर्चेतला हा शब्द चाहत्यांच्या बोलीत आला तो शेरलॉक होम्सच्या वाचकांमुळे, असे सामान्यतः मानले जाते. रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 मध्ये होम्सच्या कथांची बायबलच्या अभ्यासकांच्या थाटात थट्टेने चिकित्सा केली आणि पुढे कॉनन डॉयल यांच्या 4 कादंबऱ्या व 56 कथा हाच होम्सचा कॅनन ठरला. शिप हा शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. 1993 मध्ये सुरू झालेल्या 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकी मालिकेतील मल्डर आणि स्कली यांचे प्रेम जुळावे असे ज्यांना वाटे, ते स्वतःला रिलेशनशिपर म्हणवू लागले आणि त्या लांबलचक शब्दाचे शेपूट तेवढे शिल्लक राहिले. 'शिप करणे' म्हणजे दोन पात्रांची जोडी जमावी असे वाटणे, आणि अशा जोडीलाही शिपच म्हणतात. थोडक्यात, कॅनन हे कलाकृतीबद्दलचे विधान आहे आणि शिप हे चाहत्याच्या इच्छेबद्दलचे. त्यामुळे एखादी शिप कॅनन असू शकते, नसूही शकते आणि कॅननच्या थेट विरोधातही जाऊ शकते.

आपल्याकडे हे मुळीच अपरिचित नाही. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ होती, हे जांभूळ आख्यान रंगवून सांगते आणि श्रोते ते तितक्याच तन्मयतेने ऐकतात. व्यासांच्या महाभारतात मात्र हा प्रसंग नाही. आख्यान ऐकून डोळे पुसणारा श्रोता स्वतःला व्यासांचा विरोधक समजत नाही, आणि माझी पुतणीही हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंची विरोधक नाही.

आता तिचेच उदाहरण नीट पाहू. हॅरी पॉटर मालिकेच्या 2007 साली आलेल्या सातव्या पुस्तकात रॉन आणि हर्माइनी एकमेकांवरील प्रेम उघड करतात, आणि एकोणीस वर्षांनंतरच्या उपसंहारात ती दोघे आपल्या मुलांना शाळेच्या गाडीत बसवायला आलेली दिसतात. त्याच पुस्तकात हॅरी रॉनला स्वच्छ शब्दांत सांगतो की हर्माइनी आपल्याला बहिणीसारखी आहे. तेव्हा रॉन-हर्माइनी ही जोडी कॅनन आहे, आणि हॅरी-हर्माइनी ही केवळ शिप आहे, याविषयी वाद होण्याचे कारण नाही. तरीही वाद झाले आणि ते वर्षानुवर्षे चालले. चाहते त्यांना शिप वॉर म्हणतात.

या वादाला दोन गोष्टींनी खतपाणी मिळाले. सातव्या पुस्तकाच्या पूर्वार्धावर 2010 मध्ये जो चित्रपट आला, त्यात तंबूमध्ये हॅरी खिन्न हर्माइनीचा हात धरून तिच्याबरोबर नाचतो. हा प्रसंग पुस्तकात नाही. मग तो कॅनन धरायचा की नाही? बहुतेक चाहते पुस्तकांचा कॅनन आणि चित्रपटांचा कॅनन वेगळे मानतात, आणि हाच मार्ग मला योग्य वाटतो. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत खुद्द जे. के. रोलिंग यांनी सांगितले की रॉन-हर्माइनीची जोडी आपण एक प्रकारच्या स्वतःच्या इच्छापूर्तीसाठी जमवली होती. हॅरी-हर्माइनीच्या चाहत्यांना अर्थातच आकाश ठेंगणे झाले. परंतु त्या मुलाखतीने पुस्तकातले एक अक्षरही बदलले नाही, म्हणून कॅनन होते तिथेच राहिले. लेखकाने पुस्तकाबाहेर सांगितलेल्या गोष्टी कॅननमध्ये धराव्यात की नाहीत, याबाबत चाहत्यांतच मतभेद आहेत. तेव्हा घरातली मुलगी यावर तावातावाने बोलत असेल तर ती आडमुठेपणा करते आहे असे समजू नये, हा मुद्दाच तसा आहे.

जावेने मग स्टॅनविषयीही विचारले. त्याचा जोडीशी संबंध नाही. स्टॅन म्हणजे एखाद्या कलाकाराचा वा पात्राचा कट्टर चाहता. एमिनेमच्या 2000 सालच्या गाण्यातील वेड्या चाहत्याच्या नावावरून तो आला आणि आता हसतखेळत स्वतःबद्दलही वापरला जातो.

पालकांनी खरोखर कान द्यावा अशी जागा निराळीच आहे. पात्रांची शिप असते तेव्हा पडताळून पाहायला कॅनन असतो. हयात माणसांची शिप केली जाते तेव्हा मात्र कॅनन नावाची गोष्टच उरत नाही आणि मग कटाक्ष, हसू, शेजारी बसणे असे काहीही पुरावा म्हणून पुढे केले जाते. वन डायरेक्शन या बँडमधील दोन गायकांची अशी शिप प्रचंड गाजली, आणि त्या चर्चेचा आपल्या मैत्रीवर परिणाम झाला असे त्यांच्यापैकी लुई टॉमलिन्सन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. वर्गातल्या दोन मुलांना 'शिप' करणे हाही याच जातीचा प्रकार आहे. तेव्हा मुलीला पहिला प्रश्न विचारायचा तो "ही पात्रे आहेत की माणसे?" हा.

पात्रेच असतील, तर ती काय वाचते हे तिच्या पडद्यावरच्या खुणांवरून बरेच कळते. चाहत्यांनी लिहिलेल्या कथा जिथे मोठ्या संख्येने ठेवल्या जातात त्या Archive of Our Own या संग्रहात कथेच्या माथ्यावर सहसा पात्रांची नावे असतात. `Harry Potter/Hermione Granger` अशी तिरकी रेघ असेल तर कथेत प्रेमसंबंध आहे. `Harry Potter & Hermione Granger` असे असेल तर मैत्री किंवा कौटुंबिक नाते आहे. सोबत `Canon Compliant` असेल तर लेखकाने मूळ घटनाक्रम पाळला आहे, आणि `Canon Divergence` असेल तर एका टप्प्यावरून कथा मुद्दाम वेगळ्या वाटेने नेली आहे. मात्र कथा कोणत्या वयाला योग्य आहे हे शिपच्या नावावरून मुळीच कळत नाही. त्यासाठी वेगळी श्रेणी असते आणि तीही कथेचा लेखकच निवडतो: `General Audiences` आणि `Teen And Up Audiences` यांच्यापुढच्या `Mature` आणि `Explicit` या दोन श्रेणी प्रौढ वाचकांसाठी आहेत. आमच्या पुतणीच्या यादीत `Teen And Up Audiences` दिसल्यावर जावेने फोन तिला परत दिला आणि रॉन काय वाईट होता, यावर दोघींची जुंपली.