पेशंटच्या डब्यातला भात: वास येत नाही म्हणजे चांगला?

नातेवाइकांना वॉर्डात मिळणाऱ्या सूचना कार्डावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘घरचे अन्न ताजे आणावे.’ पण ताजे म्हणजे कधीचे, हे कोण ठरवणार? आपल्याकडे ते नाक ठरवते. आंबूस वास नाही, तार सुटत नाही, म्हणजे अन्न चांगले. भात आणि खिचडीच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे आणि पेशंटला सहसा तेच दिले जाते.

याला कारण आहे बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू. तो मातीत राहतो, तिथून तांदळावर येतो. परिस्थिती बिकट झाली की तो स्वतःभोवती जाड कवच तयार करून बीजाणू होतो. उकळत्या पाण्यात बाकीचे जिवाणू मरतात, पण हे बीजाणू तग धरतात. उलट त्या उष्णतेनेच ते जागे व्हायला तयार होतात. म्हणजे भात शिजवून आपण त्याचे प्रतिस्पर्धी मारतो आणि त्याला मऊ, ओलसर, पिठूळ खाद्य हाती देतो. भात साधारण ५० अंशांच्या खाली आला की कवच फुटते आणि वाढ सुरू होते. ३० ते ४० अंशांत ती सर्वात जोरात होते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरची हवाच चाळिशी ओलांडते, त्यामुळे डबा निवतो तो नेमका याच तापमानापर्यंत.

मोहोळहून एसटीने येणारा खिचडीचा डबा घेऊ. सकाळी ८ला खिचडी झाली, स्टीलच्या डब्यात भरली, १०ला वॉर्डात पोचली. तोवर ती कोमट झाली आणि ग्रॅमभर खिचडीतले १० बीजाणू जागे झाले असे धरू. अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असे मानले, तर पेशंट सोनोग्राफीहून परत येऊन दीडला जेवेपर्यंत त्यांचे १,२८० होतात. उरलेली खिचडी संध्याकाळी ५ला खाल्ली तर? साडेतीन तासच वाढले, पण संख्या १ लाख ६० हजारांवर गेली. ग्रॅममागे लाखाच्या पुढे गेलेले अन्न धोक्याचे मानतात. आणि सुरुवातीला १० ऐवजी १,००० बीजाणू असते, तर हा आकडा दीडलाच गाठला असता. सुरुवातीला किती होते हे घरी कळायला मार्ग नाही, म्हणून नियम कडक ठेवावा लागतो: शिजवलेले ओले अन्न ६० अंशांखाली दोन तासांपेक्षा जास्त नको आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

‘गरम करून देऊ की’ हा उपाय इथे चालत नाही. हा जिवाणू वाढताना भातात सिरियुलाइड नावाचे विष सोडू शकतो. गरम केल्याने जिवाणू मरतात, पण हे विष तासभर उकळूनही टिकते. त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या होतात आणि पेशंटच्या बाबतीत औषधाचा त्रास समजून त्या सहज दुर्लक्षिल्या जातात. दृष्ट लागू नये म्हणून डब्यावर ठेवलेला कोळशाचा तुकडाही यातले काहीच थांबवत नाही. घड्याळ मात्र थांबवते.

म्हणून कार्डावर ‘ताजे’ऐवजी डब्यावर चिकटवायची चिठ्ठी हवी: किती वाजता शिजवले, किती वाजेपर्यंत खायचे. लांबून येणाऱ्यांनी थर्मास उकळत्या पाण्याने दहा मिनिटे तापवून घ्यावा, पाणी ओतून द्यावे आणि चुलीवरून उतरवलेली पेज किंवा खिचडी काठोकाठ भरावी. वॉर्डात झाकण उघडल्यावर भरपूर वाफ यावी आणि घास फुंकूनच खावा लागावा. नुसते कोमट लागत असेल, तर थर्मासने अन्न गरम न ठेवता जिवाणूंना ऊब दिली असे समजा आणि ते पेशंटला देऊ नका. पेशंटपुरते वाटीत काढा, उरलेले उशाच्या कपाटात ठेवू नका.

सोबत राहणाऱ्या माणसासाठी मात्र आपली ज्वारीची कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी खुशाल आणा. त्यांत जिवाणूंना वाढायला पुरेसे पाणीच नसते, त्यामुळे त्यांना तासांचा हिशोब लागत नाही. भाकरी दह्यात किंवा आमटीत कुस्करली की मात्र तिची गणती ओल्या अन्नात. पेशंटला यातले काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. केमोथेरपी चालू असेल किंवा नळीने अन्न दिले जात असेल, तर घरचा डबा उघडण्याआधीच सिस्टरना दाखवा, कारण तिथे एक-दोन तासांची सूटही मिळेलच असे नाही.