२६एएसचा स्क्रीनशॉट पाठवण्यापूर्वी

जुलै उजाडला की रिटर्न भरून देणाऱ्या आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपवर २६एएसचे, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी पत्रकाचे, अर्धेमुर्धे फोटो येऊ लागतात. त्यांवरून आम्ही उत्पन्न आणि टीडीएसची यादी करतो, पण फोटोत एक ओळ जरी सुटली तरी तुमचं रिटर्न अडकतं.

प्रत्येक बँकेची किंवा कंपनीची वरची ओळ ही बेरीज असते आणि खालच्या ओळी तिचा तपशील. यादीत दोन्ही घेतल्या की उत्पन्न दुप्पट होतं. पण सर्वांत जास्त घोळ होतो तो उणे चिन्हाच्या ओळीने. बँकेने आधी भरलेली नोंद दुरुस्त केली, तर जुनी नोंद तशीच राहते, तिच्यापुढे तीच रक्कम उणे होऊन येते आणि मग सुधारित नोंद लागते.

समजा, ठेवीच्या व्याजाच्या चार तिमाही नोंदी प्रत्येकी ३०,००० रुपयांच्या आहेत आणि टीडीएस प्रत्येकी ३,०००. तिसरी तिमाही बँकेने ३६,००० अशी सुधारली. मग ओळी सहा होतात: ३०,०००, ३०,०००, ३०,०००, -३०,०००, ३६,००० आणि ३०,०००. खरं व्याज १,२६,००० आणि टीडीएस १२,६००. फोटोत उणे ओळ कापली गेली तर व्याज १,५६,००० दिसतं आणि टीडीएस १५,६००. म्हणजे न मिळालेल्या ३०,००० वर कर आणि खात्यात नसलेल्या ३,००० रुपयांचा दावा. तो दावा विभाग मान्य करत नाही.

म्हणूनच आम्ही वरच्या ओळीसकट सगळं पान मागतो. तपशिलाची बेरीज वरच्या ओळीशी जुळल्याशिवाय यादी पुढे जात नाही. यात थोडा वेळ जातो, पण नोटिशीला उत्तर देण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

वरच्या उदाहरणात टीडीएस वजा होऊन खात्यात १,१३,४०० जमा झाले म्हणून काहीजण तेच व्याज सांगतात. टीडीएस कापण्याआधीची रक्कम, म्हणजे १,२६,०००, हेच उत्पन्न.

शक्य असेल तर फोटोऐवजी पीडीएफच पाठवा. ई-फायलिंग पोर्टलवर e-File मधून View Form 26AS उघडा. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी Assessment Year 2025-26 निवडायचं, इथेही बरेचजण चुकतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमची जन्मतारीख, आठ आकड्यांत. फोटोच पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक उणे चिन्ह पुसट होतं. टॅन आणि Section हे रकाने दिसायलाच हवेत, कारण पगार, व्याज आणि व्यावसायिक फी कशाखाली धरायची ते त्यावरून ठरतं.

ज्या व्याजावर टीडीएस कापलाच नाही, ते इथल्या टीडीएसच्या ओळींत येत नाही. त्यासाठी पासबुक किंवा व्याजाचा दाखला सोबत जोडा. यादी जुळली की आम्ही तिची एक्सेल प्रत तुम्हालाही देतो. पुढच्या वर्षी ठेवी ताडून बघताना ती उपयोगी पडते आणि तिचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.