एनव्हीएमई बसवला, तरी गेम तेवढ्याच वेळात का उघडतो?

आमच्याकडे परत येणाऱ्या एनव्हीएमई ड्राइव्हपैकी बहुतेकांत काहीही बिघाड नसतो. सोबतच्या चिठ्ठीवरची तक्रार मात्र ठरलेली असते: साटा एसएसडी काढून हा बसवला, गेम लोड व्हायला तेवढाच वेळ लागतो, उलट जरा जास्तच, बदलून द्या. आम्ही ड्राइव्ह टेबलावर लावून तपासतो. खोक्यावर छापलाय तेवढाच वेग मिळतो. मग तोच ड्राइव्ह त्याच ग्राहकाकडे परत जातो, आणि मधले दोन-तीन दिवस मशीन उघडं पडून राहतं. हे टाळता येतं, म्हणून हे पत्रक.

आधी खोक्यावरच्या आकड्याबद्दल. साटाची वाट जास्तीत जास्त सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा एनव्हीएमई ३५०० पर्यंत जातो, चौथ्या पिढीचा ७००० पर्यंत. हे आकडे खरे आहेत, पण ते एक मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. गेम अनेकदा लहानलहान तुकडे इकडून तिकडून मागवतो आणि एक हातात आल्यावर पुढचा मागतो. तिथे फरक कितीतरी कमी होतो. ड्राइव्हचा वेग मोजणारं CrystalDiskMark चालवलंत तर सगळे वरची SEQ1M ची ओळ बघून खूश होतात. तुम्ही खालची RND4K Q1T1 ची ओळ बघा. चांगला साटा ड्राइव्ह तिथे साधारण ३० ते ४० दाखवतो आणि चांगला एनव्हीएमई ६० ते ९०. तेरा पटींचा फरक दुपटीवर येतो तो इथे.

आणि वाचून झालं म्हणजे लोडिंग संपलं असंही नाही. गेमचा डेटा डिस्कवर दाबून ठेवलेला असतो. तो उलगडायचा, वस्तू जागच्या जागी मांडायच्या, टेक्स्चर ग्राफिक्स कार्डकडे द्यायची, शेडर तयार करायचे, ही कामं बहुतेक गेममध्ये अजूनही प्रोसेसरच करतो. तो गुंतलेला असेल तर ड्राइव्ह कितीही वेगवान असला तरी हात बांधून बसून राहतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण २०२१ साली समोर आलं. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन सुरू व्हायला एका खेळाडूला सहा मिनिटं लागत होती. त्याने स्वतः खणून काढलं की गेम दुकानातल्या वस्तूंची जेमतेम १० एमबीची एक यादी वाचत होता. साटा ड्राइव्ह एवढी फाइल सेकंदाच्या पन्नासाव्या भागात देतो. पण यादीतली एकेक नोंद उचलताना गेम उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजत होता, आणि नोंदी होत्या ६३ हजारांच्या घरात. दुरुस्तीनंतर त्याच मशीनवर सहा मिनिटांची दोन मिनिटांहून कमी झाली. कंपनीनेही ती चूक मान्य करून सुधारली. त्या सहा मिनिटांसाठी कोणी नवा ड्राइव्ह घेतला असता, तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

आता ती चूक, जिच्यामुळे सगळ्यात जास्त ड्राइव्ह आमच्याकडे विनाकारण येतात. तुलना करताना जुना ड्राइव्ह 'गरम' असतो आणि नवा 'थंड'. तापमान नव्हे, रॅम म्हणायची आहे आम्हाला. विंडोज एकदा वाचलेल्या फाइल मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये Memory खाली Cached म्हणून जो आकडा दिसतो, तो मुख्यतः याचाच. तुम्ही संध्याकाळभर खेळलात, मरून-मरून तोच सेव्ह चार वेळा लोड केलात आणि मग घड्याळ लावून पाहिलंत, तर तो वेळ साटा ड्राइव्हचा नाहीच, रॅमचा आहे. मग मशीन बंद केलं, नवा ड्राइव्ह बसवला, गेम हलवला आणि पहिल्यांदाच लोड केला. आता सगळं खरोखर ड्राइव्हवरून येतं. त्यात ग्राफिक्सचा ड्रायव्हरही त्याच दिवशी अपडेट केला असेल, तर शेडर नव्याने तयार होतात. नवा ड्राइव्ह हळू वाटणारच, त्यात बिचाऱ्याचा दोष नाही.

म्हणून मोजायचं ते असं. गेम हलवल्यावर एकदा उघडा, शेडरचं काम होऊ द्या आणि बाहेर पडा. मशीन रिस्टार्ट करा. दोन-तीन मिनिटं हात लावू नका, कारण विंडोज सुरू झाल्यावर त्याची स्वतःची कामं चालू असतात. मग गेम उघडून ठरलेला एकच सेव्ह लोड करा आणि क्लिक केल्यापासून पात्र हलेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्या. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा तेच, असं तीनदा करा आणि मधला आकडा धरा. जुन्या ड्राइव्हचा वेळही याच रीतीने घ्यायचा, तोही तो काढण्याआधी. हे बहुतेकांच्या राहून जातं, आणि मग तुलना करायला हाताशी काही उरत नाही.

मोजताना टास्क मॅनेजर उघडा ठेवा. विंडोज १० मध्ये View मधून Update speed आणि विंडोज ११ मध्ये Settings मधून Real time update speed हा High करा, आणि CPU च्या आलेखावर उजवं क्लिक करून Logical processors निवडा. लोडिंग चालू असताना डिस्कचा Active time १०० टक्क्यांना चिकटून राहिला, तर गेम ड्राइव्हची वाट पाहतोय. डिस्क खाली पडून आहे आणि लोडिंग मात्र चालूच आहे, तर तो प्रोसेसरची वाट पाहतोय. इथे एक फसवी जागा आहे. एकूण CPU फक्त १२-१३ टक्के दिसतो आणि ग्राहक म्हणतात, प्रोसेसर तर मोकळाच आहे. पण मशीनला आठ लॉजिकल प्रोसेसर असतील, तर त्यातला एक पूर्ण भरला की एकूण आकडा साडेबारा टक्केच होतो. विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर ढकलत राहतं, त्यामुळे एकच चौकट सतत भरलेली दिसेलच असं नाही. एकूण आकडा साडेबाराच्या आसपास सपाट राहिला, की समजायचं.

असंच एक मशीन आमच्याकडे आलं होतं. चार कोअर, आठ लॉजिकल प्रोसेसर, आणि नवाकोरा तिसऱ्या पिढीचा एनव्हीएमई. ग्राहकाची मोजणी साटावर २२ सेकंद, एनव्हीएमईवर ३० सेकंद. वर सांगितलेल्या रीतीने आम्ही दोन्ही पुन्हा मोजले: साटा ३१, एनव्हीएमई २८. म्हणजे नवा ड्राइव्ह तीन सेकंदांनी पुढे होता. मग Details मध्ये I/O read bytes हा रकाना लावून पाहिलं, तर तो सेव्ह लोड होताना गेमने साधारण २ जीबीच वाचले होते. पूर्ण वेगाने वाचले असं धरलं तर साटाला त्याला पावणेचार सेकंद लागतात, आणि एनव्हीएमईला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. तीन सेकंदांचा हिशोब इथेच पुरा होतो. उरलेले सत्तावीस सेकंद दोन्ही वेळा प्रोसेसरचे होते, ते कुठल्याही ड्राइव्हने कमी झाले नसते.

तो ड्राइव्ह आम्ही परत घेतला नाही, आणि असे ड्राइव्ह घेत नाही याचा काही जणांना राग येतो. कारण साधं आहे: वापरलेला ड्राइव्ह आम्ही दुसऱ्याला नवा म्हणून देत नाही. बिघाड असेल तर मात्र बदलून देण्यात कधी टाळाटाळ केलेली नाही.

मग एनव्हीएमईचा गेमला उपयोग कुठे? गेम अजून हार्ड डिस्कवर असतील, तर कुठलाही एसएसडी घ्या, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. स्टारफील्डसारख्या गेमनी तर एसएसडी आवश्यकच केलाय. साटा की एनव्हीएमई, ते त्यात म्हटलेलं नाही. दुसरी जागा डायरेक्टस्टोरेज या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राची. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या १.१ आवृत्तीपासून डेटा उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्डकडे देता येतं, म्हणजे मधली अडचणच बाजूला होते. २०२३ साली पीसीवर आलेला रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट हे वापरतो. पण गेम त्यासाठी लिहिलेला असावा लागतो. नुसता ड्राइव्ह बसवून जुन्या गेममध्ये ते येत नाही. तिसरी जागा प्लेस्टेशन ५. त्याच्या आतल्या खाचेत चौथ्या पिढीचा एनव्हीएमईच लागतो, सोनीची शिफारस ५५०० एमबी किंवा जास्त वेगाची आहे, आणि हीटसिंक हवाच.

ड्राइव्ह दुसरीकडून घेणार असाल तर एक सांभाळा. एम.टू हा फक्त आकार आहे. त्याच पट्टीच्या आकारात साटा ड्राइव्हही मिळतात, आणि ते ५५० च्या पुढे जात नाहीत. बसवलेला कुठला आहे ते पॉवरशेलमध्ये असं दिसतं:

```
Get-PhysicalDisk | Select-Object FriendlyName, BusType
```

BusType खाली NVMe आलं पाहिजे. काही मदरबोर्डवर एम.टू खाच भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, तेव्हा जुना ड्राइव्ह अचानक दिसेनासा झाला तर घाबरू नका. मदरबोर्डची पुस्तिका बघून केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

नव्या मशीनमध्ये आम्ही एनव्हीएमईच बसवतो: दोन केबल वाचतात, मोठ्या फाइल हलवताना वेग मिळतो आणि डायरेक्टस्टोरेजचे गेम आले तर तयारी असते. पण तुमच्याकडे चालता साटा एसएसडी असेल, तर तो केवळ गेमच्या लोडिंगसाठी काढायला आम्ही सांगणार नाही. जागा कमी पडत असेल तर दुसरा ड्राइव्ह एनव्हीएमईचा घ्या आणि जुना तसाच राहू द्या. विंडोज आणि गेम हलवून देण्याचं काम आम्ही करतो, आणि त्यात दोन्ही ड्राइव्हची वर सांगितलेली मोजणी लिहून देतो.

तरीही शंका राहिली, तर नुसता ड्राइव्ह काढून पाठवू नका. आधी तिन्ही वेळांचे आकडे, लोडिंगच्या मध्यावर घेतलेला टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट आणि वरच्या आज्ञेचं उत्तर एवढं पाठवा. बहुतेक वेळा त्यावरूनच आम्ही त्याच दिवशी सांगू शकतो, आणि ड्राइव्हच पाहावा लागला तर पूर्ण मशीन घेऊन या.