उपवासातील डोकेदुखी

सलग बराच वेळ अन्न न घेतल्याने सुरू होणारे आणि खाल्ल्यानंतर ओसरणारे डोके दुखणे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. तिथल्या निकषांनुसार किमान ८ तास पोटात काही गेलेले नसावे, दुखणे त्या काळातच सुरू झालेले असावे आणि जेवल्यावर स्पष्टपणे कमी व्हावे. हे दुखणे बहुधा कपाळभर किंवा डोकेभर पसरलेले, दाबल्यासारखे, सौम्य ते मध्यम असते. ठणका नसतो. उपास जितका लांबतो तितकी ते होण्याची शक्यता वाढते, आणि ज्यांचे डोके एरवीही वारंवार दुखते त्यांना ते अधिक गाठते.

महाराष्ट्रात या दुखण्याची दोन निदाने घरातच होतात: ‘साखर उतरली’ किंवा ‘पित्त चढले’. पहिले निदान निरोगी माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा चुकीचे ठरते. दुसऱ्यामागे पुष्कळदा वेगळाच आजार असतो. डोके एका बाजूने ठणकते, उजेड सोसवत नाही, मळमळते आणि उलटी झाली की बरे वाटते, हे वर्णन अर्धशिशीचे आहे. उलटीमुळे आराम पडला म्हणून दोष पोटाला दिला जातो; खरे तर मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग असतो. असा झटका उपासाने सुरू झाला तरी त्याची गणना उपवासातील डोकेदुखीत होत नाही, ‘उपासाने चाळवलेली अर्धशिशी’ अशी होते. उपचार वेगळे असल्यामुळे हा फरक महत्त्वाचा आहे.

साखर खरोखर किती उतरते

मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, म्हणजे तासाला सुमारे ५ ग्रॅम. जेवण थांबले तरी हा पुरवठा थांबत नाही. यकृतात साठवलेले सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन विरघळून रक्तात येऊ लागते. तो साठा आटत जातो तसे यकृत प्रथिनांच्या आणि चरबीच्या घटकांपासून नवे ग्लुकोज बनवते, आणि उपास आणखी लांबला की चरबीपासून तयार होणारी कीटोन द्रव्ये मेंदूच्या इंधनाचा काही भार उचलतात. स्वादुपिंड इन्शुलिन कमी करते, ग्लुकागॉन वाढवते. गरज पडल्यास अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉलही मदतीला येतात. त्यामुळे मधुमेह नसलेल्या माणसाची साखर एका दिवसाच्या उपासात सहसा ७० ते १०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर या पट्ट्यातच, फार तर त्याच्या खालच्या काठावर राहते. डोके मात्र तरीही दुखते.

अर्धशिशीच्या रुग्णांना इन्शुलिन देऊन मुद्दाम साखर उतरवण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला होता. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत २० पैकी फक्त दोघांना झटका आला. शिवाय साखर धोकादायक पातळीला उतरून रुग्णालयात आणलेल्यांची मुख्य तक्रार डोकेदुखीची नसते. त्यांना घाम फुटलेला असतो, हात कापत असतात, बोलणे असंबद्ध झालेले असते. म्हणून उपासाची डोकेदुखी निव्वळ साखरेच्या आकड्यावर ढकलता येत नाही. साखर टिकवून धरण्यासाठी शरीर जी धावपळ करते, त्या संप्रेरकांच्या बदलांकडे आता अधिक लक्ष दिले जाते. पण निश्चित यंत्रणा अद्याप सिद्ध झालेली नाही.

या विषयावरचे सर्वाधिक उद्धृत अभ्यास दोन कडक उपासांवर आहेत. ज्यूंच्या योम किप्पूरला सुमारे २५ तास अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असते. (कोकणातले बेने इस्रायली याच दिवसाला पूर्वापार मराठीत दारफाळणीचा सण म्हणत.) इस्रायलमधील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उपास करणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचे डोके दुखले, न करणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांचे. सौदी अरेबियात रमजानच्या पहिल्या दिवसाची अशीच पाहणी १९९९ मध्ये आली. तिथे हे प्रमाण ४१ आणि ८ टक्के होते, आणि बाहेरच्या कारणांत सर्वांत ठळक ठरले ते कॉफी-चहा अचानक तुटणे. कॅफीनची सवय असलेल्याचे डोके शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत धरते. सूर्यास्ताआधी दोन तास कपाळ जड होणाऱ्या रोजेदाराची गाठ भुकेशी असते तितकीच सकाळी न मिळालेल्या चहाशी असते.

संकष्टीचा दिवस

मराठी घरांतला उपास यापेक्षा निराळा. हरतालिकेची निर्जळी सोडली तर चहा, पाणी आणि फराळ बहुतेक उपासांना चालतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. तरीही संकष्टी चतुर्थीला संध्याकाळी डोके दुखल्याची तक्रार घरोघर ऐकू येते, कारण हा उपास चंद्रोदयाशिवाय सुटत नाही. वद्य चतुर्थीचा चंद्र महाराष्ट्रात ऋतुमानानुसार साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो. लंडनसारख्या उत्तरेकडच्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला तर उन्हाळ्यात मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत ताटकळावे लागते.

एक नमुन्याचा दिवस पाहू. सकाळच्या शाळेत शिकवणारी चाळिशीची एक बाई. एरवी तिचे तीन चहा होतात: पहाटे पावणेसहाला, साडेदहाला आणि दुपारी चारला. संकष्टीला ती फक्त पहाटेचा घेते, कारण बाकीचे दोन्ही चहा बिस्किटांच्या संगतीत होतात आणि मोह नको वाटतो. अकराला डब्यातली वाटीभर साबुदाण्याची खिचडी. पाणी दिवसभरात तीन पेले, कारण शाळेतले स्वच्छतागृह टाळायचे असते. साडेचारला कपाळ आवळल्यासारखे होते. साडेसहापर्यंत दुखणे उजव्या कानशिलात उतरून ठणकू लागते आणि देवघरातल्या समईचा उजेडही नकोसा होतो. सासूबाई म्हणतात, ‘साखर उतरली असेल गं, गूळ खा.’ सासऱ्यांच्या यंत्रावर सात वाजता तपासले तर साखर ८६. चंद्रोदय ९.३५ ला, आरती होऊन पान वाढेपर्यंत दहा. दोन घास खाऊन ती आडवी होते. सकाळी डोके हलके असते.

८६ म्हणजे साखर उतरलेली नाही. खिचडी अकराला खाल्ली आणि दुखणे साडेचारला सुरू झाले, म्हणजे मधे साडेपाचच तास गेले. ८ तासांचा निकषही भरत नाही. पुढे दुखणे एका बाजूला सरकले, ठणका लागला, उजेड खुपू लागला. ही अर्धशिशी आहे, आणि तिला चाळवणाऱ्या गोष्टी एकाच दिवशी जमून आल्या: चुकलेले जेवण, अपुरे पाणी, तुटलेले दोन चहा. साबुदाण्याचाही थोडा वाटा असू शकतो. तो जवळपास निव्वळ पिष्ट असल्याने साखर झटकन चढवतो आणि त्याची पोटाला धरलेली साथ लवकर संपते. दाण्याचे कूट भरपूर घातले तर हा चढउतार मंदावतो, म्हणजे खिचडीत कूट सढळ हाताने घालणारी आजी बरोबरच होती.

प्रतिबंध

याच बाईंच्या दिवसात फेरफार करायचे तर उपास मोडावा लागत नाही. चारचा चहा दुधासह परत आणायचा, बिस्किटाशिवाय. खिचडी अकराऐवजी एकच्या सुमारास घरी खायची आणि अकराला मूठभर दाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू. पाच-साडेपाचला उकडलेले रताळे, दही किंवा भगर आणि दाण्याची आमटी असे प्रथिने असलेले काही, म्हणजे चंद्रोदयापर्यंतचा टप्पा चार-पाच तासांचाच उरतो. दिवसभरात दोन लिटरच्या आसपास पाणी, त्यात एखादे मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत. आदल्या रात्रीचे जेवण आणि झोप चुकवायची नाही. तीन-चार संकष्ट्यांची नोंद ठेवली की नेमका कोणता बदल लागू पडला ते कळते. सगळे एकदम बदलले तर डोके राहील, पण कारण समजणार नाही.

निर्जळी उपासाला आणि रोजाला हा मार्ग बंद असतो. तिथे तयारी आधी करावी लागते. आठ-दहा दिवस आधीपासून रोज थोडा चहा-कॉफी कमी करत आणणे हा सर्वांत उपयोगी उपाय. सहरी शक्य तितकी उशिरा, डाळ, अंडे, दही, जाड धान्य अशी सावकाश पचणारी आणि पाण्यासह करावी. उपासाच्या दिवशी उन्हात, रांगेत उभे राहणे टाळता आले तर टाळावे. अंगारकीला हे कोण ऐकणार, हा प्रश्न वेगळा.

गोळीची घाई इथे महागात पडते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक रिकाम्या पोटी जठराला चावतात, आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण आणतात. घ्यायचीच तर प्रौढाने ५०० मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल पाण्याबरोबर घ्यावी. डोकेदुखीच्या काही तयार गोळ्यांत कॅफीनही असते. चहा तुटलेल्याला तिने चटकन बरे वाटते आणि गोळीचीच सवय लागते. अर्धशिशी ठरलेल्या रुग्णाने उपासाच्या दिवशी कोणते औषध केव्हा घ्यायचे हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

साखरेचा खरा धोका मधुमेहींना असतो, तोही विशेषतः इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना. औषध नेहमीचे आणि जेवण नाही, असे झाले की साखर खरोखर ७० च्या खाली जाते. अशा वेळी डोकेदुखीबरोबर घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा भ्रमिष्टपणा दिसतो. लगेच तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आकडा ७० च्या वर आला नसेल तर पुन्हा द्यावे आणि वर आल्यावर काही खायला द्यावे. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही घालू नये. त्याला रुग्णालयात न्यावे. उपास त्या क्षणी सुटला असे समजावे. औषधाची मात्रा उपासासाठी बदलायची तर ती आदल्या भेटीत डॉक्टरांनी बदलायची असते, सकाळी उठून मनाने गोळी गाळायची नसते.

जेवल्यानंतर उपासाचे डोके काही तासांत, फार तर तीन दिवसांत पूर्ण थांबते. त्यापुढे टिकलेले, क्षणार्धात टोकाला पोहोचलेले, ताप आणि ताठ मानेसह आलेले, हातापायांत कमजोरी आणणारे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे उपासाच्या खात्यावर मांडू नये.