मॅन्युअल बिडिंग की टार्गेट सीपीए? आधी कन्व्हर्जन मोजा

ऑनलाइन जाहिरातीत मॅन्युअल बिडिंग म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे ते आपण स्वतः लिहून ठेवतो. समजा एका कीवर्डला क्लिकमागे 20 पडतायत. 700 क्लिक आले, 14,000 गेले, 28 ऑर्डर मिळाल्या, म्हणजे ऑर्डरमागे 500. ठीक वाटतं ना? आता तेच क्लिक फोडून बघा. संध्याकाळी लॅपटॉपवरून आलेल्या 300 क्लिकनी 24 ऑर्डर दिल्या (250 ला एक), आणि मध्यरात्री मोबाइलवरून आलेल्या 400 नी फक्त 4, म्हणजे 2,000 ला एक! सरासरीने सगळं झाकून टाकलं.

टार्गेट सीपीए इथेच वेगळं वागतं. त्यात एका ऑर्डरमागे किती खर्च चालेल तेवढंच तुम्ही सांगता, समजा 500, मग कोणी काही शोधलं की जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या प्रत्येक लिलावाच्या क्षणी सिस्टिम अंदाज बांधते की या क्लिकमधून ऑर्डर यायची शक्यता किती, आणि ढोबळमानाने त्या शक्यतेला 500 ने गुणून बोली लावते. 8 टक्के असेल तर 40, 1 टक्का असेल तर 5. हातानेही डिव्हाइस आणि वेळेप्रमाणे बोली कमीजास्त करता येते, पण डिव्हाइस, वेळ, ठिकाण, शोधलेले शब्द सगळं एकत्र धरून दर लिलावाला कोण बसणार.

पण हा सगळा खेळ अंदाजावर आहे, आणि अंदाज ऑर्डरच्या संख्येवर. महिन्याला 9 ऑर्डर येत असतील तर निव्वळ योगायोगाने त्या 6 किंवा 12 होऊ शकतात (9 चं वर्गमूळ 3), म्हणजे 33 टक्क्यांचा झोल. 30 असतील तर साडेपाचचा, साधारण 18 टक्के. म्हणून 30 दिवसांत निदान 30 कन्व्हर्जन, म्हणजे आपल्या उदाहरणात 30 ऑर्डर, हा आकडा बरेच जण धरतात. सिस्टिम अकाउंटमधल्या बाकीच्या कॅम्पेनकडूनही शिकते, त्यामुळे कमी आकड्यावरही कधी कधी चालून जातं, पण मग चाललं की नशीब, हे तुम्हालाच कळत नाही. माझं मत विचाराल तर तोवर मॅन्युअलवरच राहा.

स्विच करताना लोक सर्रास चुकतात ते टार्गेटमध्ये. आत्ता 500 पडतायत आणि हौसेने 300 टाकलं की सगळ्या बोली खाली येतात, लिलाव हातचे जातात, खर्च आटतो आणि मग "ऑटोमेशन बकवास आहे" अशी बोंब. सुरुवात 500 नेच करा, स्थिरावलं की 450. त्याआधी ट्रॅकिंग तपासा, कारण धन्यवादाचं पेज रिफ्रेश झाल्यावर दुसरी ऑर्डर मोजली जात असेल तर सिस्टिम मन लावून चुकीचंच शिकेल.

आणि लोक क्लिकनंतर पाच दिवसांनी ऑर्डर देत असतील तर शेवटचे पाच दिवस नेहमी वाईटच दिसणार, खर्च नोंदला गेलाय पण ऑर्डर अजून यायच्यात. ते दिवस सोडून आधीचे तीन-चार आठवडे बघा, तिसऱ्या दिवशी घाबरून परत मॅन्युअलवर उडी मारू नका.