झोपेसाठी गांजा आणि सीबीडी उत्पादने

गांजाच्या झाडातील रसायने झोप लागावी किंवा टिकावी म्हणून घेण्याची पद्धत. धूर, वाफ, जिभेखाली धरायचे तेल, कॅप्सूल आणि गमी म्हणजे चघळायची गोड गोळी अशा अनेक रूपांत ती घेतली जातात. या झाडात कॅनाबिनॉइड वर्गाची शंभराहून अधिक रसायने आहेत, पण झोपेच्या बाबतीत मुख्यतः दोनच विचारात घ्यावी लागतात. टीएचसी नशा आणते. सीबीडी आणत नाही. सीबीडी 1940 मध्ये वेगळे काढले गेले, तर टीएचसी शुद्ध स्वरूपात 1964 मध्ये हाती आले. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, चंद्राचे चित्र असलेल्या एकसारख्या बाटल्यांत दिसत असली, तरी शरीरात त्यांची वागणूक फार वेगळी असते. या विषयातले बरेचसे गैरसमज हा फरक न ओळखल्यामुळे होतात.

झोपेवरील परिणाम आणि पुरावा : मेंदूतील सीबी1 या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या रसायने चिकटण्याच्या जागांवर, शरीराची स्वतःची काही रसायने काम करतात. टीएचसी त्याच ग्राहींना चिकटते आणि मज्जापेशींमधला संदेशांचा ओघ मंदावते. त्यामुळे सुरुवातीच्या काही रात्री डोळा लवकर लागतो, असा अनेकांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. प्रश्न आहे तो त्या झोपेच्या दर्जाचा आणि पुढच्या आठवड्यांचा.

चांगल्या चाचण्या थोड्याच आहेत आणि त्यांत माणसेही मोजकीच आहेत. निद्रानाशाच्या 20 रुग्णांना एका रात्री 10 मिलिग्रॅम टीएचसी आणि 200 मिलिग्रॅम सीबीडी एकत्र देऊन झोपेच्या प्रयोगशाळेत त्यांची नोंद घेतली गेली. त्यांची एकूण झोप औषध नसलेल्या निष्क्रिय गोळीच्या रात्रीपेक्षा सुमारे 25 मिनिटांनी कमी भरली, आणि स्वप्ने पडतात ती रेम झोप सुमारे 34 मिनिटांनी घटली. याउलट, मुख्यतः टीएचसी असलेला अर्क दोन आठवडे रोज देऊन 24 जणांवर केलेल्या चाचणीत रुग्णांनी निद्रानाश कमी झाल्याचे सांगितले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण एकात एकाच रात्रीची यंत्रावरची नोंद आहे आणि दुसऱ्यात दोन आठवड्यांनंतर माणसाला काय वाटले ते आहे. निद्रानाशात ‘वाटणे’ क्षुल्लक नसते. मात्र निष्क्रिय गोळीनेही झोप बरीच सुधारल्याचे वाटते, म्हणून तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासांवर भार टाकता येत नाही.

सीबीडीची बाजू आणखी लंगडी आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीचा जाहिरातींत वारंवार दाखला दिला जातो. तिच्यात चिंता किंवा झोपेची तक्रार असलेले 72 जण होते आणि बहुतेकांना रोज 25 मिलिग्रॅम सीबीडी दिले गेले. पहिल्या महिन्यात दोनतृतीयांश जणांची झोप सुधारली, पण पुढे ती वरखाली होत राहिली. शिवाय तुलनेला दुसरा गटच नव्हता. निरोगी माणसांना 300 मिलिग्रॅम देऊन झोपेची यंत्रावर नोंद घेतली तेव्हा काहीच फरक दिसला नाही. निद्रानाशाच्या 30 जणांना दोन आठवडे रोज रात्री 150 मिलिग्रॅम दिल्यावरही निद्रानाशाची तीव्रता निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक उतरली नाही. एका गमीत असते साधारण 10 ते 25 मिलिग्रॅम. त्यावरून या गमीने येणाऱ्या झोपेत औषधाचा वाटा किती आणि अपेक्षेचा किती, याचा अंदाज करता येतो.

सीबीडीने गुंगी येते असा समज पसरण्यामागे अपस्माराच्या औषधाचाही हात आहे. अपस्माराच्या काही गंभीर प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीच्या द्रावणाला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. त्याची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज 10 ते 20 मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसात हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते. अशा रुग्णांत गुंगी दिसते, आणि क्लोबाझाम हे दुसरे औषध चालू असेल तर जास्तच दिसते. कारण यकृतातले जे विकर क्लोबाझामच्या सक्रिय घटकाचा निचरा करते, त्यालाच सीबीडी अडवते. परिणामी तो घटक रक्तात साचतो. म्हणजे अशा रुग्णांत गुंगीचा मोठा भाग क्लोबाझामचा असतो आणि नाव सीबीडीचे होते.

सकाळची गुंगी : धुरातून घेतलेले टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचते आणि त्याचा जोर दोन-तीन तासांत ओसरतो. पोटातून घेतलेले मात्र अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही जाणवू लागते. यकृतात त्याचे आणखी एक नशा आणणारे संयुग तयार होते आणि परिणाम सहा ते आठ तास, कधी त्याहूनही लांबतो.

एका रात्रीचा हिशेब मांडून पाहू. एका माणसाने साडेदहाला 10 मिलिग्रॅम टीएचसीची गमी खाल्ली. साडेअकरापर्यंत काहीच जाणवले नाही, म्हणून त्याने दुसरी खाल्ली. पावणेबाराच्या सुमारास पहिलीचा परिणाम सुरू झाला आणि तो झोपला. दुसरीचा जोर दीड ते साडेतीनच्या दरम्यान कळसाला पोचला. मध्ये जाग आली तेव्हा तोंडाला कोरड पडली होती आणि छातीत धडधडत होते. सकाळी साडेसहाला गजर झाला तेव्हा दुसरी गोळी पोटात जाऊन सातच तास झाले होते. डोके जड, बोललेले उशिरा उमगते, उठताना तोल जातो. त्याला वाटते झोप अपुरी झाली, म्हणून आज रात्री दोन गोळ्या आधीच घ्याव्यात. खरे तर तो अजून औषधाच्या अमलाखाली आहे.

टीएचसीनंतर गाडी चालवण्याच्या कौशल्यांत होणारी घट मात्रा, मार्ग आणि सवय यांनुसार सुमारे 3 ते 10 तास टिकू शकते. त्यामुळे सात तासांनी चाक हाती घेणे धोक्याचेच. वर सांगितलेल्या 20 रुग्णांच्या चाचणीत मात्र दुसऱ्या दिवशी कामगिरीत लक्षणीय घट आढळली नाही. तिथे एकच ठरलेली मात्रा, वेळेवर दिलेली, आणि मापन नऊ तासांनंतरचे होते. घरी नेमक्या याच तीन गोष्टी पाळल्या जात नाहीत. शिवाय टीएचसी चरबीत मुरते, आणि रोज घेणाऱ्याच्या शरीरातून ते पूर्ण जायला दिवस, कधी आठवडे लागतात.

सकाळचा जडपणा औषधाचा की झोपेच्या तुटवड्याचा, हे ओळखायला एक साधा कयास आहे. झोपेच्या तुटवड्याचा माणूस संधी मिळाली की पेंगतो. गोळीच्या अमलातला माणूस जागा असतो, पण मंद; त्याचे तोंड कोरडे असते, डोळे लाल असतात, नाडी जलद चालते आणि हे सारे दुपारपर्यंत आपोआप निवळते. काही दिवस झोपण्याची आणि गोळी घेण्याची वेळ, तसेच सकाळची अवस्था लिहून ठेवली तर डॉक्टरलाही दुवा सापडतो. सीबीडीच्या बाबतीत जेवणाकडेही पाहावे: स्निग्ध जेवणानंतर घेतल्यास रक्तातले एकूण प्रमाण उपाशीपोटीच्या सुमारे चौपट होऊ शकते. मात्रा तीच, ताट वेगळे आणि परिणामही वेगळा.

सवय आणि अवलंबित्व : रोज टीएचसी घेतल्यास सीबी1 ग्राही हळूहळू कमी होतात. तीच गोळी काही आठवड्यांत पुरेनाशी होते आणि मात्रा वाढते. बंद केल्यावर ग्राही साधारण महिन्याभरात पूर्ववत होतात, पण तो महिना पार करणे हेच अवघड असते.

शेवटच्या गोळीनंतर एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, भूक मंदावणे आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात हे सर्वांत तीव्र असते आणि बहुतेक लक्षणे दोन आठवड्यांत मावळतात. झोपेचा त्रास मात्र महिन्यापेक्षा जास्त रेंगाळू शकतो. दाबून ठेवलेली रेम झोप उसळून परत येते, त्यामुळे विलक्षण स्पष्ट, अनेकदा भीतिदायक स्वप्ने पडतात. 2013 पासून अमेरिकेतील मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत या लक्षणांना स्वतंत्र स्थान आहे, आणि झोपेची अडचण त्यांत आहे.

इथेच सारा घोळ होतो. गोळी बंद केल्यावर चौथ्या रात्री तळमळत पडलेला माणूस म्हणतो, ‘बघा, माझा निद्रानाश खराच आहे, गोळीशिवाय जमत नाही.’ तो गोळी घेतो आणि तासाभरात झोपतो. गोळी उपयोगी असल्याचा याहून पक्का पुरावा त्याला कुठला मिळणार? वास्तविक गोळीने तिच्याच अभावाचा त्रास शमवला. म्हणून दोन-तीन रात्रींच्या प्रयोगावरून मूळ आजाराबद्दल काहीच ठरवता येत नाही; किमान तीन-चार आठवडे उलटल्यावरची झोप पाहावी लागते. एकदम थांबवण्याऐवजी दर आठवड्याला मात्रा थोडी थोडी उतरवत नेली तर हा काळ सुसह्य होतो. गांजा घेणाऱ्यांपैकी किती जण त्याच्या आहारी जातात याचे अंदाज दहातल्या एकापासून पाचातल्या एकापर्यंत आहेत, आणि रोज घेणाऱ्यांत धोका अधिक. झोपेसाठी घेणारा बहुधा रोजच घेतो, हे इथे विसरता येत नाही.

शुद्ध सीबीडीने असे अवलंबित्व निर्माण होत असल्याचे दिसलेले नाही, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने दिला आहे. यातला ‘शुद्ध’ हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादने 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासली गेली, तेव्हा जेमतेम 31 टक्क्यांच्या वेष्टनावरचे प्रमाण खरे निघाले आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडले. ‘यात नशा नाही’ म्हणून घेतलेल्या तेलाने सकाळी डोके जड होत असेल, किंवा नोकरीतल्या लघवीच्या तपासणीत नाव अडकले, तर आधी बाटलीवर संशय घ्यावा.

कोणी टाळावे : झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया असलेल्यांनी गांजाचा उपचार म्हणून वापर करू नये, अशी अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेची 2018 ची भूमिका आहे. गर्भवती, स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, किशोरवयीन मुले आणि मनोविकृतीचा पूर्वेतिहास असलेल्यांनी टीएचसीपासून दूरच राहावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने सीबीडी सुरू केल्यास औषधाचे रक्तातले प्रमाण वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. मोठ्या मात्रेत सीबीडी यकृतातील विकरांची पातळी वाढवते, म्हणून तिथे रक्ततपासणी लागते. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून संज्ञानात्मक वर्तनोपचार सुचवला जातो. त्यात अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेएवढाच ठेवून मग हळूहळू वाढवतात, आणि झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायला सांगतात. सुरुवातीचे एक-दोन आठवडे यानेही दिवसा झोप येते. गोळीवर असलेल्या रुग्णात हा उपचार आणि मात्रा उतरवणे एकाच वेळी सुरू केले, तर कोणत्या कारणाने काय होते आहे ते कळेनासे होते. म्हणून अनेक डॉक्टर आधी उपचाराची घडी बसवतात आणि मग गोळीला हात घालतात.